'की' नसला तरी वाक्य पूर्ण असू शकतं

"मराठीत 'की' असेल तरच आतलं वाक्य पूर्ण, नाहीतर ते अपुरं."

हे खरं नाही. 'मला वाटतं तो शहाणा आहे' यात 'की' नाही, पण 'आहे'च्या जागी 'होता' किंवा 'होईल' चालतं. आतल्या क्रियापदाला स्वतःचा काळ आहे, म्हणजे ते पूर्ण उपवाक्यच. आतलं वाक्य आधी आलं, तर 'की' मुळात येतच नाही, 'असं' किंवा 'हे' यासारखा शब्द येतो: 'तो आला असं ती म्हणाली.' म्हणून 'की' शोधण्याआधी क्रियापद बघा.

'मी त्याला शहाणा समजते' इथे आत क्रियापदच नाही. 'तिला' म्हटलं की 'शहाणी' होतं, म्हणजे कर्ता-विधेयाचं नातं शाबूत आहे, पण काळ घालायला जागा नाही. हे लघु-उपवाक्य.

गफलत होते ती मधल्या प्रकारात. 'मी आज तिला उद्या यायला सांगितलं' यात 'यायला' काळ दाखवत नाही. तरीही सांगणं आजचं आणि येणं उद्याचं, असं वेगळं क्रियाविशेषण त्याला पेलतं. 'मी आज त्याला उद्या शहाणा समजते' मात्र कुणी म्हणणार नाही. म्हणून 'यायला'चा गट लघु-उपवाक्यापेक्षा मोठा, पूर्ण उपवाक्यापेक्षा लहान धरावा.