भाव बांधून दिला की ग्राहकांचे संतोषाधिक्य वाढतेच का?

“उपभोक्त्याचे संतोषाधिक्य म्हणजे ग्राहकाची वाचलेली रक्कम. भाव जितका उतरला त्याला जुन्या खरेदीने गुणले की आधिक्यातली वाढ मिळते. म्हणून सरकारने भाव बांधून दिला की ग्राहकांचा फायदा ठरलेलाच.”

या युक्तिवादातला ‘वाचलेली रक्कम’ हा शब्दप्रयोगच आधी सोडावा लागेल. समजा, एका वसाहतीत हापूस १,००० रुपये डझन असला तर कोणीच घेत नाही, आणि भाव दर १० रुपयांनी उतरला की आणखी एक डझन खपतो. ६०० रुपये भावाला ४० डझन जातात. जो ९०० मोजायला तयार होता त्याचे आधिक्य ३०० रुपये; पण हे ३०० रुपये त्याच्या हिशेबाच्या वहीत कुठेही जमा होत नाहीत. आधिक्य म्हणजे ग्राहक जी किंमत मोजायला तयार होता ती आणि प्रत्यक्ष किंमत यांतील तफावत. अशा सगळ्या तफावतींची बेरीज म्हणजे मागणी वक्राखालचा, पण किंमतरेषेवरचा त्रिकोण: पाया ४०, उंची ४००, म्हणजे ८,००० रुपये. रेषेखालचा २४,००० रुपयांचा आयत हा निव्वळ खर्च असतो (उत्तरपत्रिकांत छायांकित केलेला मात्र पुष्कळदा तोच आढळतो).

गुणाकाराची चूक किरकोळ आहे. भाव ५०० झाला आणि माल मुबलक असला तर ५० डझन खपतील आणि आधिक्य १२,५०० होईल. ४,५०० रुपयांच्या या वाढीत जुन्या ४० डझनांवरचे ४,००० आहेतच, पण नव्याने घेतलेल्या १० डझनांचा ५०० रुपयांचा छोटा त्रिकोणही आहे, आणि तो गुणाकारात निसटतो.

खरी गफलत तिसऱ्या विधानात आहे, कारण त्यात माल येणारच असे गृहीत धरले आहे. ५०० रुपयांचा भाव सक्तीने बांधला आणि त्या भावाला बागायतदारांनी २० डझनच पाठवले, तर त्रिकोण ५० पर्यंत पसरत नाही. आकृतीत २० वर उभी रेषा मारून तिच्या डावीकडचेच क्षेत्र मोजावे लागते. हे २० डझन नेमके सर्वाधिक किंमत द्यायला तयार असलेल्यांनाच मिळाले, तर विसाव्या डझनाला वक्राची उंची ८०० असल्यामुळे आधिक्य ५०० ते ३०० रुपयांपर्यंत उतरत जाते. सरासरी ४०० धरली तर एकूण पुन्हा ८,०००. म्हणजे सर्वांत अनुकूल वाटपातही ग्राहकांच्या पदरात पूर्वीइतकेच पडते. प्रत्यक्षात मात्र बांधलेल्या भावाला कोण किती मोजायला तयार होता हे दुकानदार विचारत नाही. घेऊ इच्छिणाऱ्या पन्नास जणांत चिठ्ठ्या टाकून वाटप झाले तर दर डझनामागे सरासरी आधिक्य २५० रुपये, आणि एकूण अवघे ५,००० उरते. रांगेत घालवलेल्या वेळेची किंमत त्यातूनही वजा करावी लागेल.

पुरवठा कमी आटला असता, समजा ३० डझन आले असते, तर अनुकूल वाटपात आधिक्य १०,५०० झाले असते आणि चिठ्ठ्यांच्या वाटपात ७,५००. तेव्हा भाव बांधल्याने ग्राहकाला लाभ होतो की तोटा, हे मागणी वक्र आणि किंमतरेषा एवढ्यावरून ठरत नाही. किती माल येतो आणि तो कोणाच्या हाती जातो, हेही माहीत असावे लागते.