सातची कॉफी, बाराची झोप

"इंदूरच्या सराफ्यात रात्री खात भटकायचं म्हणून सातला कॉफी घेते, तरी बाराला पडल्या पडल्या झोप लागते. म्हणजे मला कॅफिन लागूच होत नाही ना?"

ताई, लागू होतं, फक्त कळत नाही. दिवसभर मेंदूच्या पेशी ऊर्जा खर्च करतात तसं अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं. ते पेशींवरच्या ठराविक जागांवर, म्हणजे ग्राहींवर, बसलं की झोपेचा इशारा मिळतो. कॅफिन दिसायला त्याच्यासारखंच, म्हणून त्याच जागा अडवतं, पण इशारा देत नाही. दुसऱ्याच्या रिझर्व्हेशनवर बसलेला प्रवासीच म्हणा ना! दरम्यान अ‍ॅडेनोसिन साचतच राहतं, म्हणून कॅफिन ओसरलं की थकवा एकदम अंगावर येतो.

आता तुमचा कप. त्यात १०० मिलिग्रॅम कॅफिन धरू. शरीरातलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण ५ तास लागतात. म्हणजे बाराला ५० उरलं, पहाटे पाचला २५. ५० म्हणजे जवळजवळ कपभर चहा पिऊनच तुम्ही आडव्या होता. (वर सराफ्यातली जिलबी, ते वेगळंच!) दिवसभराचं अ‍ॅडेनोसिन भरपूर असल्यानं डोळा लागतो, पण गाढ झोपेचा वाटा कमी होऊ शकतो. पुरेसे तास झोपूनही सकाळी अंग जड वाटत असेल, तर आठवडाभर ही कॉफी दुपारी दोनच्या आत घेऊन पाहा.

मात्र ५ तास सगळ्यांना सारखे नाहीत. सिगारेट ओढणाऱ्यांत कॅफिन लवकर संपतं, तर गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ते कितीतरी जास्त वेळ रेंगाळतं.