पहिल्याच ओळीत चौकोन दिसतात म्हणजे डिस्प्ले जिवंत आहे

«मित्रांनो लक्षात ठेवा, १६×२ एलसीडीवर नुसते चौकोन आले किंवा स्क्रीन कोरी राहिली तर कंट्रोलर जळाला समजा, दुरुस्ती नाही, नवीन घ्या. मागचा निळा स्क्रू फक्त ब्राइटनेसचा असतो, त्याला हात लावू नका. अॅड्रेस सगळ्यांचा 0x27 च असतो. एसडीए-एससीएल एकदा जरी उलटे लागले तरी मागची आयसी जाते. शक्यतो ३.३ व्होल्टवर चालवा, जास्त टिकतो. प्रोजेक्टवाल्या सगळ्यांना पाठवा.»

हा मजकूर माझ्या भाचीच्या डिप्लोमाच्या ग्रुपवर आला, आणि त्यावर विश्वास ठेवून तिने एक चांगला डिस्प्ले बाद ठरवला. दुसऱ्यावरही तेच चौकोन आले, तेव्हा ती तिसरा आणायला पुण्याच्या तपकीर गल्लीत निघाली होती. पोरांचे पैसे असे वाया जाताना बघून गप्प बसवत नाही, म्हणून लिहितो. पाठवणाऱ्याने एकदा जरी डेटाशीट उघडली असती, तरी पहिलं वाक्य लिहिलं नसतं.

सुरुवात त्या पहिल्या वाक्यापासूनच करू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तेच करतं. या डिस्प्लेवर हिताचीचा एचडी४४७८० किंवा त्याच्याशी जुळणारा कंट्रोलर असतो. हिताचीच्या डेटाशीटमध्ये स्पष्ट लिहिलंय की पॉवर आल्यावर हा कंट्रोलर स्वतःला रीसेट करतो आणि एका ओळीच्या मोडमध्ये उभा राहतो. दोन ओळी हव्या आहेत हे त्याला प्रोग्रामने सांगावं लागतं. तोवर तो काचेला एकाच ओळीच्या हिशेबाने, म्हणजे १/८ ड्यूटीने चालवतो. काच मात्र दोन ओळींसाठी, १/१६ ड्यूटीसाठी बनवलेली असते. त्यामुळे पहिल्या ओळीतल्या बंद ठिपक्यांवरही नेहमीपेक्षा जास्त व्होल्टेज पडतं आणि ते काळपट दिसू लागतात. पाच बाय आठचा अख्खा ठोकळा भरल्यासारखा दिसतो तो यामुळे. दुसऱ्या ओळीला काहीच मिळत नाही, म्हणून ती कोरी.

म्हणजे वरच्या ओळीत चौकोन आणि खालची ओळ रिकामी, हे चित्र दिसलं की तीन गोष्टी सिद्ध होतात. डिस्प्लेला पॉवर पोचली आहे, काच ठीक आहे आणि कॉन्ट्रास्ट निदान दिसण्याइतका तरी लागला आहे. कंट्रोलरला तुमच्या प्रोग्रामकडून एकही कामाची सूचना मिळालेली नाही, एवढाच दोष त्यातून कळतो. नवा कोरा डिस्प्ले घ्या, फक्त व्हीसीसी आणि ग्राउंड जोडा, एसडीए-एससीएल मोकळे सोडा आणि स्क्रू फिरवा. हेच चौकोन येतील.

दोन्ही ओळींत सारखे गडद चौकोन असतील तर प्रकरण वेगळं. तिथे प्रोग्रामने कंट्रोलर बहुधा सुरू केलेला असतो आणि कॉन्ट्रास्ट फार पुढे गेलेला असतो. स्क्रू मागे घ्या, चौकोनांच्या आतून अक्षरं बाहेर येतील.

आता तो निळा स्क्रू. त्याचा ब्राइटनेसशी काडीचाही संबंध नाही. तो १० किलो-ओहमचा प्रीसेट आहे आणि डिस्प्लेच्या तिसऱ्या पिनवरचं व्होल्टेज, म्हणजे कॉन्ट्रास्ट, ठरवतो. मागच्या दिव्यासाठी डिस्प्लेच्या पाठीवरच्या छोट्या बोर्डच्या, म्हणजे बॅकपॅकच्या, कडेला दोन पिनांवर एक छोटी जंपर टोपी असते. ती निघाली तर दिवा लागत नाही, पण अक्षरं उजेडात तिरकं बघितल्यावर दिसतात. पाच व्होल्टवर चालणाऱ्या नेहमीच्या डिस्प्लेत तिसऱ्या पिनवर ग्राउंडच्या तुलनेत साधारण अर्धा ते एक व्होल्ट असलं की अक्षरं नीट दिसतात. मल्टीमीटर असेल तर मोजून बघा. तिथे तीन-चार व्होल्ट दिसले तर स्क्रीन कोरीच दिसणार, प्रोग्राम कितीही बरोबर असो.

इथे एक गोष्ट समजून घ्या, बहुतेक जण तिथेच फसतात. कोरी स्क्रीन आणि चौकोन हे दोन वेगळे आजार असतीलच असं नाही. सूचना न मिळालेला तोच डिस्प्ले स्क्रू एका बाजूला असेल तर चौकोन दाखवतो आणि दुसऱ्या बाजूला असेल तर काहीच दाखवत नाही. म्हणून कोऱ्या स्क्रीनवर कोडमध्ये डोकं घालायच्या आधी स्क्रू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. काहीतरी दिसेपर्यंत पुढे जाऊ नका.

अॅड्रेसचं म्हणणं अर्धं खरं आहे, हे मान्य करावं लागतं. बॅकपॅकवर PCF8574T चिप असेल आणि ए०, ए१, ए२ हे तिन्ही पॅड उघडे असतील तर अॅड्रेस 0x27 असतो. पण तशीच दिसणारी PCF8574AT चिप असेल तर त्याच पॅडवर तो 0x3F होतो. पहिल्या जातीचे अॅड्रेस 0x20 ते 0x27, दुसरीचे 0x38 ते 0x3F. एखादा पॅड सोल्डरने जोडला की आकडा खाली येतो. पहिल्या जातीत ए० जोडला तर 0x26. दुकानात दोन्ही चिपांचे बॅकपॅक एकाच डब्यात मिसळलेले असू शकतात, त्यामुळे मित्राचा कोड जसाच्या तसा चालेल याची खात्री नाही. अंदाज कशाला करायचा, हा स्कॅनर प्रोग्राम चढवून डिस्प्लेलाच विचारा:

```cpp
#include <Wire.h>
void setup() {
  Serial.begin(9600);
  Wire.begin();
  for (byte a = 8; a < 120; a++) {
    Wire.beginTransmission(a);
    if (Wire.endTransmission() == 0) {
      Serial.print("0x");
      Serial.println(a, HEX);
    }
  }
}
void loop() {}
```

भाचीच्या बोर्डवर याचं उत्तर 0x3F आलं. कोडमध्ये 0x27 होतं. चिपवर टॉर्च मारून बघितलं तर बारीक अक्षरांत शेवटी AT स्पष्ट वाचता येत होतं. आकडा बदलून कोड पुन्हा चढवला, आणि चौकोन नाहीसे होऊन स्क्रीन साफ कोरी झाली. ती म्हणाली, «मामा, आता तर होतं तेही गेलं.» खरं तर तिथेच काम झालं होतं. कंट्रोलर दोन ओळींच्या मोडमध्ये गेल्यावर ठिपक्यांवरचा दाब कमी झाला, आणि चौकोन बघून लावलेला कॉन्ट्रास्ट अक्षरांना पुरेना. स्क्रू थोडा फिरवला आणि तिने लिहिलेलं तापमान दोन्ही ओळींत उमटलं. अॅड्रेस दुरुस्त केल्यावर कॉन्ट्रास्ट पुन्हा लावायचा असतो, हे कोणी सांगत नाही. मग पोरं बरोबर केलेला बदल चुकीचा समजून मागे घेतात.

चुकीच्या अॅड्रेसवर प्रोग्राम तक्रार का करत नाही, असाही प्रश्न येतो. सर्रास वापरली जाणारी LiquidCrystal_I2C ही लायब्ररी समोरून पोच आली की नाही हे तपासतच नाही. ती हवेत बोलत राहते आणि कोड बिनबोभाट शेवटपर्यंत जातो. मागचा दिवा लागला म्हणजे संपर्क झाला, हा समजही चुकीचा. ही चिप सुरू होताना सगळ्या पिना हाय ठेवते, त्यामुळे दिवा आपोआप लागतो. खरी परीक्षा हवी असेल तर `lcd.init()` नंतर `loop()` मध्ये एवढंच टाका:

```cpp
lcd.noBacklight();
delay(1000);
lcd.backlight();
delay(1000);
```

दिवा सेकंदा-सेकंदाला मिटला-लागला तर अॅड्रेस आणि दोन्ही तारा बरोबर आहेत. तरीही चौकोन जात नसतील तर दोष बॅकपॅक आणि डिस्प्ले यांच्यामधल्या सोळा पिनांच्या जोडणीत शोधा. स्कॅनरला फक्त बॅकपॅकची चिप दिसते. डिस्प्ले तिला सोल्डर केलेलाच नसला तरी स्कॅनर अॅड्रेस दाखवेल. चौथी, सहावी आणि अकरा ते चौदा या पिनांवरचं सोल्डर भिंगातून बघा. गोळा पिनवर बसलेला पण खालच्या पॅडला न चिकटलेला असेल, तर पुन्हा सोल्डरिंग आयर्न लावून वितळवा. जोडणी ठीक आणि अक्षरं तरीही नाहीत, तर बॅकपॅकची आतली पिनांची मांडणी वेगळी असू शकते. hd44780 ही लायब्ररी आणि तिचा `hd44780_I2Cexp` वर्ग वापरा, तो अॅड्रेस आणि मांडणी दोन्ही स्वतः शोधतो.

एसडीए-एससीएल उलटे लागले तर आयसी जाते, हे निव्वळ घाबरवणं आहे. या दोन्ही तारांवर कोणीच व्होल्टेज ढकलत नाही. चिप तार फक्त ग्राउंडकडे ओढते आणि वर नेण्याचं काम रेझिस्टर करतो. उलटं लागलं तर स्कॅनरला काही सापडत नाही, तारा बदलल्या की सापडतं. आर्डुइनो उनो आणि नॅनोवर एसडीए A4 ला आणि एससीएल A5 ला, मेगावर २० आणि २१ ला. मेगावर A4-A5 ला जोडून तासन्‌तास बसणारी पोरं मी पाहिली आहेत. स्कॅनर रिकामा आला तर प्रोग्राम काढून दोन्ही तारांवर मल्टीमीटर लावा. पाचच्या आसपास व्होल्ट हवेत. एखादीवर शून्य असेल तर ती तार तुटली आहे किंवा कुठेतरी ग्राउंडला टेकली आहे. जपायचं आहे ते व्हीसीसी आणि ग्राउंडला. ते उलटे लागले तर मात्र चिप खरोखर जाऊ शकते.

राहिला ३.३ व्होल्टचा सल्ला. त्याने डिस्प्ले जास्त टिकत नाही, दिसेनासा होतो. पाच व्होल्टच्या काचेला व्हीसीसी आणि तिसरी पिन यांच्यात चार व्होल्टच्या वर फरक लागतो, आणि ३.३ मधून तो निघतच नाही. दिवा मंद लागतो, अक्षरं येत नाहीत, आणि मग ग्रुपवर पुन्हा «जळाला» असं जाहीर होतं. ईएसपी३२ वापरत असाल तर डिस्प्लेला पाच व्होल्टच द्या. मात्र मग बॅकपॅकचे रेझिस्टर दोन्ही तारा पाचवर ओढतात आणि ईएसपी३२ च्या पिना तेवढं सोसायला बनवलेल्या नाहीत. मधे दोन चॅनलचा लेव्हल शिफ्टर घाला.