सूर, ‘वाग’ आणि माझे कान : एका प्रतिक्रियेला उत्तर

“तुमचा लेख वाचला. आमच्या मालवणीत वाघाचा ‘वाग’ आणि दुधाचा ‘दूद’ होऊन पिढ्या लोटल्या, पण कोणी सुरात बोलू लागले नाही. व्यंजन हरवले की सूर उगवतो, हे शास्त्र घाटावरच्या पुस्तकातले दिसते. पंजाबीत सगळे महाप्राण गेले म्हणता, मग ‘खाणा’ कुठून आला? चिनी भाषेचे तर नावही नाही. लिहिण्यापूर्वी कान उघडे ठेवावेत.”

नमस्कार.

पंजाबीत महाप्राण व्यंजने झिजली आणि शब्दाचा अर्थ आवाजाच्या चढउतारावरून, म्हणजे सुरावरून, ओळखला जाऊ लागला, असे मी लेखात लिहिले होते; वरची प्रतिक्रिया त्यावरची आहे. तिच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते लागले. मतभेद असणे आणि समोरच्याच्या कानांची झडती घेणे यांत फरक आहे, आणि जो माणूस वेंगुर्ल्याच्या बाजारात लहानाचा मोठा झाला त्याला ‘घाटावरचा’ म्हणण्याआधी निदान विचारून घ्यायचे होते. माझ्या घरात ‘दूद’च तापवले जात असे. शाळेत मी ते तसेच लिहिले म्हणून गुरुजींनी वही फेकली होती, त्यामुळे हा महाप्राण नेमका कुठे गळतो हे मला तुमच्याकडून कळावे अशी परिस्थिती नाही.

एक चूक मात्र माझी आहे आणि ती मान्य करतो. ‘सगळे महाप्राण’ हे शब्द ढिलाईने पडले. पंजाबीत घ, झ, ढ, ध, भ हे घोष महाप्राण बदलले; ख, छ, ठ, थ, फ जागेवर आहेत. ‘खाणा’ शाबूत आहे, तुमचा मुद्दा बरोबर आहे.

आता ‘वाग’चे वाक्य. त्यात एक गृहीतक दडलेले आहे, ते असे की व्यंजन गेल्यावर त्याच्या रिकाम्या जागी सूर येऊन बसतो. मी असे म्हटले नव्हते. क्रम उलटा आहे. सूर आधी असतो, पण त्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते. गळ्यावर बोट ठेवून ‘कोर’ आणि ‘घोर’ हे शब्द सावकाश म्हणून पाहा. ‘घ’ उच्चारताना स्वरतंतू सैल पडून कंप पावतात आणि श्वास गळत राहतो, म्हणून पुढच्या ‘ओ’ची सुरुवात किंचित खालच्या पट्टीत होते. हा फरक साधारण १०-२० हर्ट्झचा असतो. ऐकणारा शब्द ओळखतो तो ‘घ’वरून, हा उतार नुसता सोबत आलेला असतो. पुढे एखाद्या पिढीत मुले तो उतारच शब्दाची खूण मानू लागली, बोलताना मुद्दाम ठळक करू लागली, की मग ‘घ’ नीट उच्चारण्याची गरज उरत नाही. तो झिजून ‘क’ झाला तरी शब्द वेगळा ऐकू येतो. व्यंजन गेले तेव्हा सूर कामाला लागलेला होता, म्हणून तो मागे राहिला.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नोकरीनिमित्त मी जालंधरला नऊ वर्षे राहिलो. पहिल्या महिन्यात घरमालकिणीशी बोलताना मी आपला कोकणी ‘घ’ ठासून ‘घोडा’ म्हटले आणि ती हसली. मला वाटले, हे लोक ‘कोडा’ म्हणतात, म्हणून दुसऱ्या दिवशी सपाट ‘कोडा’ म्हटले. ती म्हणाली, चाबूक कशाला हवा? तिसऱ्यांदा मी भीतभीत आवाज वरून खाली आणला, तर तिने पदर तोंडाला लावला, कारण त्याचा अर्थ महारोगी होतो. तिन्ही शब्दांत व्यंजने तीच, क आणि ड़. घोड्याचा सूर खालून सुरू होऊन वर चढतो, चाबकाचा समपातळीत राहतो, रोग्याचा उंचावरून उतरतो. गुरुमुखीत घोडा आजही ‘घ’नेच लिहितात. लिपीने जुने व्यंजन जपले आणि जिभेने त्याचा फक्त उतार ठेवला.

पण इथे तुमचा प्रश्न खरोखर अडवतो, हे लपवत नाही. पंजाबीतही ‘दुद्ध’ या शब्दाच्या शेवटी ‘द’च ऐकू येतो, तुमच्या-माझ्या ‘दूद’सारखा, आणि तरी तिथे आधीच्या ‘उ’वर उंच सूर आहे. त्याचे एक स्पष्टीकरण असे की महाप्राणाच्या खळग्यात उतरण्यापूर्वी आवाज ज्या उंचीवर असतो, ती उंचीच कानाने पकडली. बळ कुठे पडते यावर सगळे अवलंबून असते. ‘पढ़ना’मध्ये बळ आधीच्या स्वरावर असते, म्हणून तिथे उंच सूर येतो. ‘पढ़ाउणा’ म्हणजे शिकवणे, त्यात बळ पुढच्या ‘आ’वर जाते, म्हणून तोच ढ़ त्या ‘आ’ला खाली ओढतो. शिवाय पंजाबीत हे एकट्या दुधापुरते झालेले नाही. शब्दारंभीचा घ-भ गेला, ‘चाह’मधला ह जाऊन ‘चा’ उंच झाला, आणि सगळीकडून तेच वळण कानावर पडत राहिले.

मालवणीत तसे झाले नाही. आपला ‘घोव’ घ सांभाळून आहे, ‘भात’ भ सांभाळून आहे. गळाला तो शब्दाच्या शेवटचा महाप्राण, जो मुळातच ऐकायला अवघड असतो आणि प्रमाण मराठी बोलणाराही घाईत गिळतो. स्वरावर काही ठेवून न जाता तो गेला आणि दोन शब्द एकमेकांत मिसळले. वाघ आणि ‘नीट वाग’मधले वाग यांत घोटाळा होण्याचे प्रसंग तरी किती येतात?

अशी हानी सूर न देता होऊ शकते, याचे मोठे उदाहरण कंबोडियाची ख्मेर भाषा आहे. तिथे शब्दारंभीच्या घोष-अघोष, म्हणजे ग आणि क यांसारख्या, व्यंजनांचा भेद मिटला, पण त्याची भरपाई स्वरांनी केली. एका गटाच्या व्यंजनांनंतरचा स्वर एका प्रकारे वळला, दुसऱ्या गटानंतरचा दुसऱ्या प्रकारे, आणि ख्मेर लिपीत व्यंजनांचे ते दोन गट आजही आहेत. तिचीच दूरची नातलग व्हिएतनामी मात्र सुरांकडे गेली. शब्दाच्या शेवटच्या व्यंजनांच्या लोपातून तिथे तीन सूर आले आणि आरंभीचा घोष-अघोष भेद मिटल्यावर त्यांचे सहा झाले, हे फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ओद्रिकूर यांनी १९५४ मध्ये दाखवले. तेव्हा मालवणीत सूर नाही म्हणून पंजाबीतला सूर खोटा ठरत नाही. चिनीचे नाव नाही, कारण लेख चिनीवर नव्हता.

मालवणीत सूर नाही हे मी कानावर सोडलेले नाही. मागच्या गणपतीत आत्येकडून ‘आता वाग म्हण’ हे एकच वाक्य वीस वेळा म्हणवून घेतले, दहा वेळा मनात वाघ धरून आणि दहा वेळा वागणे धरून. वाक्य तेच ठेवले, कारण नुसता शब्द म्हणायला सांगितला असता तर आज्ञेचा हेलच मध्ये आला असता. मग त्यातले ‘वाग’ तेवढे कापून, क्रम पिसून, तिलाच ऐकवले. तिला अकरा ओळखता आले, म्हणजे नाणे उडवून जितके आले असते जवळपास तितकेच. आलेखावरही दोन्हींच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या होत्या. एका बाईच्या वीस शब्दांवर मी पैज लावणार नाही, पण तुमच्या घरी यापेक्षा वेगळे ऐकू येत असेल तर ध्वनिमुद्रण पाठवा. वाक्य हेच ठेवा, आणि बोलणाऱ्याला आधी काय शोधतो आहोत ते सांगू नका.