खुलासा: निर्देशांक मोठा, तरी निवड चुकीची

“बजेट ठरलेलं असेल तर सर्वाधिक नफा निर्देशांकाचा प्रकल्प आधी घ्या, कधीच चुकत नाही.”

नफा निर्देशांक म्हणजे गुंतवलेल्या प्रत्येक रुपयामागे येणाऱ्या आवकीचं आजचं मूल्य. प्रकल्प तुकड्यांत घेता येत नसतील तर हा नियम चुकू शकतो. बजेट 100 धरा. ‘अ’ला 60 लागतात, निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे आवकीच्या आजच्या मूल्यातून गुंतवणूक वजा जाता उरणारी रक्कम, 24, निर्देशांक 1.40. ‘ब’ आणि ‘क’ला प्रत्येकी 50, मूल्य 18 आणि 17, निर्देशांक 1.36 आणि 1.34. ‘अ’ उचलला की उरलेल्या 40 मध्ये काहीच बसत नाही, हाती 24. ‘ब’ आणि ‘क’ मिळून मात्र 35! ‘ब’चा चार-पंचमांश घेता आला असता तर ‘अ’सह 38.4, मग नियम बरोबर.

‘अ’चा डिस्काउंटेड पेबॅक, म्हणजे आजच्या मूल्यात मोजलेल्या आवकीतून गुंतवणूक वसूल व्हायला लागणारा काळ, सर्वांत कमी असला तरी ही बेरीज बदलत नाही, वसुलीनंतरची आवक तो मोजतच नाही.