संडासावर संडास नको म्हणणाऱ्या सल्ल्याचा प्रतिवाद

“घर बांधणाऱ्यांनो, सावध व्हा! संडासावर संडास आणि स्वयंपाकघरावर स्वयंपाकघर कधीच घेऊ नका. १) वरचा मैला जोरात कोसळतो आणि खालचा पाईप फुटतो. २) पाईप एकच असल्यामुळे तो तुंबला की सगळे घर बंद. ३) वरच्याने पाणी टाकले की खालच्याच्या संडासात घाण वास येतो. ४) म्हणून प्रत्येक मजल्याचा संडास वेगळ्या कोपऱ्यात घ्या आणि पाईप स्लॅबखालून फिरवून मागच्या टाकीत सोडा. जनहितार्थ पुढे पाठवा.”

दारव्हा तालुक्यात माझ्या आतेभावाच्या घराचे काम चालू आहे. तळमजल्यावर आत्या आणि तो, वर धाकट्याचा संसार, आणि पुढे कधी जमले तर आणखी एक मजला, असा बेत आहे. पहिल्या स्लॅबचे सेंट्रिंग लागलेले असताना हा मजकूर त्यांच्या घरच्या ग्रुपवर आला आणि मागच्या कोपऱ्यात खालच्या संडासाच्या बरोबर वर येणारा वरचा संडास जिन्याजवळ पुढे नेण्याचा निर्णय झाला. घरांचे नकाशे काढणे हेच माझे काम असल्यामुळे गप्प राहणे मला शक्य नाही. चारही मुद्द्यांना उत्तर देतो, पण चौथ्यापासून सुरुवात करतो, कारण पहिले तीन मुद्दे केवळ गैरसमज पसरवतात, तर चौथा मुद्दा प्रत्यक्ष घराची हानी करतो.

आतेभावाच्याच घराचा हिशोब मांडतो. जिन्याजवळच्या कोपऱ्यापासून मागच्या उभ्या पाईपापर्यंतचे अंतर सुमारे आठ मीटर भरते. संडासाच्या ११० मिलिमीटरच्या आडव्या पाईपाला साधारणपणे ४० मीटरला एक मीटर एवढा उतार देतात, म्हणजे आठ मीटरमध्ये पाईप २० सेंटीमीटर खाली येतो. वाटेत बीम आहेत. स्लॅब पाच इंचांचा आणि बीम पंधरा इंचांचा धरला, तर बीमचा तळ स्लॅबच्या तळापासून सुमारे २५ सेंटीमीटर खाली असतो. पाईप बीमखालून न्यायचा तर २५ बीमचे, ११ पाईपाचे आणि २० उताराचे, असे मिळून पाईपाचा तळ शेवटच्या टोकाला स्लॅबपासून ५६ सेंटीमीटर खाली येतो. दहा फूट उंचीच्या खोलीत ही पावणेदोन फुटांहून जास्त खाली आलेली मैल्याची नळी बैठकीवरून आणि स्वयंपाकघरावरून आडवी जाणार आहे. खालच्या चुलीवर मैल्याचा पाईप येऊ नये हीच आत्याची खरी चिंता होती, आणि या सल्ल्याने नेमके तेच घडते. उलट मागच्या कोपऱ्यात संडासावर संडास ठेवला, तर आडवा पाईप एक-दीड मीटरचा राहतो, तो खालच्या संडासाच्याच छताखाली असतो आणि पुढे सरळ भिंतीबाहेर पडतो.

एवढा खाली लोंबणारा पाईप घरमालकाला पसंत पडत नाही आणि खरा धोका तिथूनच सुरू होतो. मग मिस्त्री बीमलाच भोक पाडतो. बीमच्या तळाशी असलेल्या मुख्य सळया ताण घेतात आणि खांबाजवळच्या टोकाला कातरण्याचा जोर सर्वाधिक असतो. बाहेरची भिंत गाठण्यासाठी भोक बहुधा याच टोकाला पाडले जाते, आणि ११० मिलिमीटरचा पाईप जाण्याइतके मोठे भोक हातोड्याने फोडताना रिंगा तर कापल्या जातातच, कधी मुख्य सळईही कापली जाते. पाईपासाठी कमजोर केलेल्या बीमवर उद्या दुसरा मजला चढवायचा आहे, हे सल्ला पुढे पाठवणाऱ्याच्या ध्यानात आलेले नाही.

बीम वाचला तरी लांब आडव्या पाईपाचे दुखणे उरतेच. उन्हाळ्यात आपल्याकडे नळाला दोन-दोन दिवस पाणी येत नाही आणि संडासात बादलीतून मोजून पाणी टाकले जाते. उभ्या पाईपात मैला पडायला वजनच पुरेसे असते, पण आडव्या पाईपात त्याला पाण्यानेच पुढे ढकलावे लागते. थोडे पाणी आठ मीटरच्या पाईपात पसरून पातळ होते, पुढे निघून जाते आणि मैला मधेच थांबतो. नंतरचा मैला त्यावर साचतो आणि तुंबण्याची जागा नेमकी बैठकीच्या छताला येते. एक-दीड मीटरच्या फांदीत ही वेळ सहसा येत नाही, कारण पाण्याचा जोर ओसरण्याआधीच मैला उभ्या पाईपात पडलेला असतो.

काही जण म्हणतील की स्लॅबखालून नको, प्रत्येक कोपऱ्यातून वेगळा उभा पाईप बाहेरच्या भिंतीवरून उतरवू. त्याने छत वाचते, पण तेच अंतर जमिनीखाली जाते. पुढच्या कोपऱ्यातून घराला वळसा घालून मागच्या टाकीपर्यंत बारा मीटर पाईप टाकला, तर त्याच उताराने तो टाकीशी ३० सेंटीमीटर जास्त खोल जातो, म्हणजे टाकी आणि शोषखड्डाही तेवढाच खाली न्यावा लागतो. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्या हालचालीने पाईपाचे सांधे आणि चेंबरच्या भिंती सरकतात, उतार बिघडतो आणि एखाद्या ठिकाणी पाईपाला पोट पडून तिथे पाणी साचते. पाईप काळ्या मातीतून न्यावाच लागला तर चर जास्त खोदून त्याखाली आणि भोवती मुरूम किंवा वाळू भरावी, पण पाईप जेवढा लांब, तेवढा हा खर्च आणि हा धोका मोठा.

आता पहिला मुद्दा. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेत रॉबर्ट वायली आणि हर्बर्ट ईटन यांनी उभ्या मलवाहिन्यांवर काम केले आणि ते १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. उभ्या पाईपात पाणी मधोमध गोळ्यासारखे कोसळत नाही, ते पाईपाच्या आतल्या भिंतीला चिकटून पातळ थराने उतरते आणि मध्ये हवेचा गाभा राहतो. भिंतीचे घर्षण आणि वजन यांचा तोल साधला की वेग वाढायचा थांबतो. हा अंतिम वेग सेकंदाला साधारण तीन ते साडेचार मीटर असतो आणि तीन ते साडेचार मीटर उतरेपर्यंतच, म्हणजे एक-दीड मजल्यातच, तो गाठला जातो. त्यामुळे दहाव्या मजल्यावरचे पाणीही तळाशी पोहोचते ते दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरच्या पाण्याच्याच वेगाने. दोन मजल्यांच्या घरात पाईप फुटण्याची भीती घालणे निराधार आहे. पाईप खरोखर फुटलेले दिसतात, तिथे बहुतेक वेळा पावसाच्या पाण्यासाठीचा पातळ पाईप संडासाला लावलेला असतो. आयएस १३५९२ या भारतीय मानकात पाईपाचे दोन प्रकार आहेत: ‘अ’ प्रकार हवा आणि पावसाच्या पाण्यासाठी, ‘ब’ प्रकार मैला आणि सांडपाण्यासाठी. दुकानात ‘ब’ प्रकार मागावा, पाईपावरचा छाप वाचावा आणि उभ्या पाईपाला भिंतीत पक्के क्लॅम्प मारावेत.

तिसऱ्या मुद्द्यातला अनुभव खरा आहे, मात्र त्याचे कारण चुकीचे सांगितले आहे. वरून पाणी उतरते तेव्हा ते मधली हवा सोबत ओढून नेते. ही हवा भरून काढायला वरून वाट नसेल, तर पाईप खालच्या संडासाच्या ट्रॅपमधून, म्हणजे भांड्याखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या नळीतून, हवा खेचतो आणि ट्रॅपमधले पाणी ओढले जाते. दुर्गंध अडवणारे ते पाणीच असते. वर पाणी टाकताच खालच्या भांड्यात गुडगुड आवाज येणे आणि त्यापाठोपाठ वास येणे, ही याची खूण आहे. उपाय स्वस्त आहे: उभा पाईप वरच्या संडासाशी बंद न करता त्याच जाडीने गच्चीच्या वर न्यावा आणि त्याच्या तोंडाला जाळीची टोपी बसवावी. कितीतरी घरांत पुढचा मजला चढवताना हे उघडे तोंड सिमेंटने बुजवलेले मी पाहिले आहे, आणि तेव्हापासूनच वास सुरू झाल्याचे घरच्यांनी सांगितले आहे.

खेड्यात याला आणखी एक कारण असते. शोषखड्ड्यांच्या संडासांसाठी आलेल्या ग्रामीण पॅनच्या ट्रॅपमध्ये फक्त २० मिलिमीटर पाणी उभे राहते, कारण तो दीड-दोन लिटर पाण्यात साफ व्हावा म्हणूनच तसा केलेला असतो. खड्ड्यावर तो उत्तम चालतो. दोन मजल्यांच्या उभ्या पाईपाला तो जोडला, तर हवेच्या थोड्या ओढीनेही एवढेसे पाणी निघून जाते. तिथे ५० मिलिमीटर पाणी धरणारा ट्रॅपच हवा. आतेभावाच्या तळमजल्यावर जुन्या संडासातले २० मिलिमीटरचे भांडे पुन्हा बसवायचे ठरले होते. तेवढे बदलायला मी सांगितले आहे.

स्वयंपाकघरांबाबत फार लिहिण्याची गरज नाही. एकावर एक मोऱ्या आल्या की ७५ मिलिमीटरचा एकच वेगळा पाईप पुरतो. तो संडासाच्या पाईपाला जोडू नये. तो गली ट्रॅपमधून, म्हणजे जमिनीतल्या जाळीच्या ट्रॅपमधून, वेगळ्या शोषखड्ड्यात किंवा परसबागेत सोडावा, कारण खरकट्याचे तेलकट पाणी मैल्याच्या टाकीत गेले की टाकी वेळेआधी भरते.

दुसऱ्या मुद्द्यात मात्र अर्धे तथ्य आहे आणि ते नाकारता येत नाही. उभा पाईप तळाशी तुंबला, तर वरच्यांचे पाणी सर्वांत खालच्या भांड्यातून वर येते आणि त्याचा त्रास तळमजल्यावर राहणाऱ्यालाच होतो. याशिवाय वरून उतरणारे पाणी तळाच्या वळणावर एकदम आडवे होताना तिथे हवा दाबली जाते आणि जवळ जोडलेल्या भांड्यातून ती उसळू शकते. पण यासाठी संडास विखुरणे चुकीचे आहे. तळमजल्याचा संडास उभ्या पाईपाला जोडूच नये, त्याची स्वतंत्र नळी थेट पहिल्या चेंबरमध्ये न्यावी. चेंबर तिथेच दोन पावलांवर असल्याने खर्च फारसा वाढत नाही. उभ्या पाईपाच्या पायाशी काटकोनी बेंड न बसवता ४५ अंशांचे दोन बेंड जोडावेत, आणि बांबू किंवा स्प्रिंग घालता येईल असे झाकणाचे तोंड हाताला लागेल एवढ्या उंचीवर ठेवावे. आतेभावाच्या नकाशात हे तिन्ही बदल केले आहेत आणि वरचा संडास पुन्हा मागच्या कोपऱ्यात आणला आहे. स्लॅब टाकण्यापूर्वी सेंट्रिंगवर फक्त त्या कोपऱ्यातच पाईपासाठी स्लीव्ह, म्हणजे पाईप आरपार जाईल अशी मोठी नळी, ठेवायची आहे.