'मागील बाकी' म्हणजे नक्की कसली बाकी, ते तरी लिहा ना!

डोकं फिरलंय आज, लिहितोच. भावाचा फ्लॅट आहे पर्वरीला, तो असतो शिपवर, वर्षातले आठ-नऊ महिने फ्लॅट बंद, मग सोसायटीची बिलं, पावत्या, हाऊस टॅक्स सगळं मी बघतो आणि फाईल लावून ठेवतो. तीन महिन्यांचं मेंटेनन्स बिल येतं ७,२०० रुपयांचं. त्यात सर्व्हिस चार्जेस ४,५००, पाणी ६००, रिपेअर फंड १,२०० आणि सिंकिंग फंड ९००. इथपर्यंत काही तक्रार नाही. वॉचमनचा पगार, जिन्यातले दिवे, लिफ्ट, झाडलोट हे खर्च आहेतच, आणि सिंकिंग फंड उद्याच्या मोठ्या कामासाठी साठवायचाच असतो, तो द्यायला कोण नाही म्हणतंय.

पण एक बिल राहिलं की पुढच्या बिलात हे चारही आकडे गायब! सगळ्यांचा एकच गोळा करून खाली 'मागील बाकी' म्हणून एक ओळ, त्याच्याखाली 'व्याज' म्हणून दुसरी ओळ, संपलं. त्या बाकीत मुद्दल किती, आधीचं व्याज किती, काहीच कळत नाही. आता भावाला फ्लॅट भाड्याने द्यायचाय, पाणी आणि सर्व्हिस चार्जेस भाडेकरूकडून घ्यायचे आणि सिंकिंग-रिपेअर मालकाने भरायचे असं आमचं ठरलंय, तर मागच्या वर्षी कुठल्या खात्यात किती गेले हे मी कुठून काढू? गोळ्यातून?

आणि खरा घोळ व्याजात आहे. एजीएममध्ये ठराव झालाय, वर्षाला १८ टक्के सरळव्याज, म्हणजे महिन्याला दीड टक्का, आणि बिल ज्या महिन्यात येतं त्या महिनाअखेरपर्यंत भरलं तर व्याज नाही. ठराव साधा सरळ आहे, माझ्याकडे कॉपी आहे. एप्रिलचं बिल राहिलं, कारण ते बंद फ्लॅटच्या दाराखालून सरकवून गेले, मेल नाही फोन नाही. बरं, राहिलं तर राहिलं, व्याज लावा. जुलैच्या बिलात मे आणि जून अशा दोन महिन्यांचे २१६ रुपये लावले, ७,२०० वर दीड टक्क्याने दोन महिने, बरोबर. जुलैचं बिलही तसंच दाराखाली. मग चवथीला फ्लॅट उघडला तेव्हा दोन्ही बिलं हातात आली, पावसाने ओली होऊन एकमेकांना चिकटलेली, आणि तोवर दोघांची मुदत गेलेली.

ऑक्टोबरच्या बिलात काय केलं बघा. बरोबर हिशोब असा होतो: एप्रिलच्या ७,२०० वर जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर असे तीन महिने, ३२४ रुपये. जुलैच्या ७,२०० ची मुदत ३१ जुलै, म्हणून त्याच्यावर फक्त ऑगस्ट-सप्टेंबर, २१६ रुपये. एकूण ५४०. बिलात लावलेत ६५८, म्हणजे ११८ जास्त! मी रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसलो आणि ६५८ ला मागच्या एकूण रकमेने, म्हणजे १४,६१६ ने भागलं. आलं साडेचार टक्के. साडेचार म्हणजे दीड गुणिले तीन, म्हणजे जुलैच्या बिलाची बेरीज जशीच्या तशी उचलून तिच्यावर तीन महिने व्याज ठोकलंय. त्या बेरजेत आधीचं २१६ व्याज आहे, त्याच्यावर परत व्याज लागलं. आणि जुलैचं बिल तेव्हा मुदतीत होतं, तरी त्याच्यावर जुलैचे १०८ रुपये लावले. ठराव सरळव्याजाचा आणि वसुली चक्रवाढ, वर मुदतीतलं पण व्याज!

तुमच्याकडे तिमाही बिल असेल तर तुम्ही पण हे करून बघा. व्याजाचा आकडा मागच्या बिलाच्या पूर्ण बेरजेने भागा. तुमच्या सोसायटीच्या दराचे अख्खे तीन महिने अगदी तंतोतंत आले आणि त्या बेरजेत जुनं व्याज किंवा मुदतीतलं बिल असेल, तर गडबड आहे म्हणून समजा.

पुढचं ऐका. ऑक्टोबरमध्ये मुदतीच्या आत मी तिन्ही बिलांचं मुद्दल भरलं, २१,६०० रुपये, चेकने, आणि सोबतच्या पत्रात स्पष्ट लिहिलं की हे एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या मुद्दलापोटी आहेत, व्याजाचा हिशोब दुरुस्त करून द्या, तेवढं लगेच भरतो. त्यांनी चेक वटवला, पावती दिली, पावतीवर नुसतं 'मेंटेनन्स'. जानेवारीच्या बिलात मागील बाकी ८७४ आणि त्याच्यावर व्याज ३९! हे ८७४ कसले आहेत? २१६ अधिक ६५८. निव्वळ व्याज आहे ते, मुद्दल शून्य झालंय. मुद्दलच नाही तर ३९ रुपये कशावर लावले?

खजिनदार काका म्हणतात, "आम्ही जमा रक्कम आधी व्याजात वळती करतो, सगळीकडे असंच करतात." करत असाल, पण मग पावतीवर तसं लिहा ना, व्याजात इतके, मुद्दलात इतके! आणि मी तर लेखी कळवलं होतं. करार कायदा १८७२ चं कलम ५९ वाचा, देणाऱ्याने कुठल्या देण्यापोटी पैसे देतोय हे सांगितलं आणि घेणाऱ्याने ते स्वीकारले, तर ते त्याच देण्यात जमा करावे लागतात. तुम्हाला मान्य नव्हतं तर चेक परत करायचा होता. चेक ठेवायचा आणि पत्र बाजूला टाकायचं हे कसं चालेल?

वर काय तर "सॉफ्टवेअर करतं ते, आमच्या हातात नाही." अहो काका, सॉफ्टवेअरला व्याज कशावर लावायचं ते कोणीतरी माणसानेच सांगितलंय ना? मुद्दल थकबाकी आणि व्याज थकबाकी असे दोन वेगळे कॉलम ठेवायला सांगा, व्याज पहिल्या कॉलमवरच लावा, आणि मुदत संपलेलीच बिलं धरा. अकाउंटंटला एकदा बसवा आणि करून घ्या.

लोक म्हणतात ११८ आणि ३९ रुपयांसाठी कशाला भांडतोस. ११८ माझे नाहीत, भावाचे आहेत, आणि तो ते इंजिन रूममध्ये घाम गाळून कमावतो. शिवाय हे एका फ्लॅटचं नाही. ज्याची ज्याची बाकी आहे त्या प्रत्येकाला हेच लागतंय, आणि आमच्या बिल्डिंगमध्ये निम्मे मालक बाहेर आहेत, कोणी मस्कतला, कोणी लंडनला. ते आकडा बघतात आणि नेटवरून भरून मोकळे होतात. पुढे विकायची वेळ आली की सोसायटीचा नो ड्यूज दाखला लागतो, तेव्हा ही फुगलेली बाकी समोर धरणार आणि माणूस घाईत असतो म्हणून गुपचूप देणार.

आज परत पत्र दिलंय. एप्रिलपासूनचं मेंबर लेजर तारखांसकट मागितलंय, ११८ आणि ३९ ची उलट नोंद मागितलीय, आणि उरलेल्या ७५६ च्या खऱ्या व्याजाचा चेक पत्रालाच जोडलाय, मागे 'फक्त व्याज' असं लिहून. सेक्रेटरींनी कॉपीवर सही-शिक्का द्यायला आधी नको नको केलं, मी ऑफिसातून हललोच नाही, शेवटी दिला. आता पुढच्या बिलात परत तो गोळा दिसला तर हीच फाईल घेऊन सहकार निबंधकांच्या ऑफिसात जाणार.